एका पानाचा सिनॉप्सिस: एजंटला पाठवण्याआधी विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुंबईतल्या अशा लेखकांसाठी आहे, ज्यांची कादंबरी लिहून पूर्ण झाली आहे आणि ती साहित्यिक एजंटकडे पाठवायची आहे. कादंबरी मुळात इंग्रजीत असेल किंवा मराठीतून इंग्रजीत येत असेल. एजंटच्या सूचनांमध्ये बहुतेक वेळा तीन गोष्टी मागितलेल्या असतात: एक पत्र, सुरुवातीची काही प्रकरणं आणि एका पानाचा सिनॉप्सिस, म्हणजे कादंबरीच्या संपूर्ण गोष्टीचा सारांश. लोक सर्वाधिक अडकतात ते तिसऱ्या गोष्टीवर, म्हणून इथे फक्त तिच्याबद्दल.

सिनॉप्सिस आणि पाठराखण यांत फरक काय?

पाठराखण म्हणजे पुस्तकाच्या मागच्या बाजूला छापलेला मजकूर, ती गिऱ्हाइकासाठी असते. दुकानात पुस्तक हातात घेतलेल्या माणसाने ते विकत घ्यावं म्हणून ती अर्धंच सांगते आणि नेमकी उत्सुकता वाढली की थांबते. सिनॉप्सिस धंद्यातल्या माणसासाठी असतो. एजंटला पुस्तक विकत घ्यायचं नसतं, विकायचं असतं. गोष्ट कुठे सुरू होते, कशामुळे वळते आणि कुठे संपते हे त्याला पाच मिनिटांत कळायला हवं. पुढे दिलेल्या नमुन्यातली नायिका सुलभा घ्या: ‘सुलभाला सत्य कळेल का?’ हे वाक्य पाठराखणीत शोभतं. सिनॉप्सिसमध्ये त्याच जागी ‘सुलभाला कळतं, की खोली नवऱ्यानेच विकली होती’ असं लिहायचं.

शेवट सांगायलाच हवा का? मग वाचण्यात मजा काय उरली?

सांगायलाच हवा, आणि पूर्ण सांगायला हवा. सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा प्रश्न हाच.

एजंट तुमची पहिली तीन प्रकरणं वाचतो तेव्हा भाषा कशी आहे, पात्रं जिवंत आहेत का हे त्याला कळतं. पुढची तीनशे पानं पेलली आहेत का, हे मात्र त्या प्रकरणांतून कळत नाही. सुरुवात उत्तम आणि दोनशेव्या पानानंतर गोष्ट वाऱ्यावर, अशी हस्तलिखितं पुष्कळ येतात. म्हणून तो सिनॉप्सिसचा शेवटचा परिच्छेद बघतो. मुख्य पात्राने शेवटी काही निर्णय घेतला का? तो निर्णय आधीच्या घटनांतून आला आहे, की कुठूनतरी मृत्युपत्र, अपघात किंवा लांबचा नातेवाईक टपकला? एवढं त्याला तपासायचं असतं. शेवट झाकला तर तो ही तपासणी करू शकत नाही, आणि शेवट अजून ठरलेलाच नसावा, असा समज होतो.

शेवट सांगताना आणखी एक पळवाट दिसते: ‘अखेर सुलभाला स्वतःची ओळख सापडते.’ वरवर शेवट सांगितल्यासारखं वाटतं, पण यात काहीच घडत नाही. ओळख सापडली म्हणजे तिने काय केलं? कुठे गेली, कशाला नकार दिला, कशावर सही केली? ती कृती लिहा.

एक पान म्हणजे नेमके किती शब्द?

ए-फोर कागद, चारही बाजूंना एक इंच समास, टाइम्स न्यू रोमन किंवा तसाच साधा फॉन्ट, आकार 12 आणि ओळींत एकेरी अंतर. या मापात इंग्रजीचे साधारण 500 शब्द बसतात. हस्तलिखितासाठी दुहेरी अंतर मागतात, पण एक पान मागितलेला सिनॉप्सिस एकेरी अंतरात दिलेला चालतो. परिच्छेदांमध्ये एक ओळ मोकळी सोडा. मात्र एजंटने स्वतःचं माप दिलं असेल तर तेच पाळायचं. कुणी 300 शब्द म्हणतं, कुणी दोन पानं.

फॉन्ट 10 करून किंवा समास अर्ध्या इंचावर आणून जागा काढू नका. उघडल्याबरोबर ते डोळ्यांत येतं.

मसुदा मराठीत करत असाल तर एक हिशेब लक्षात ठेवा. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, इंग्रजीत ती सुटी होतात. ‘गिरणीसमोरच्या चाळीत’ हे आपले दोन शब्द इंग्रजीत सहाच्या घरात जातात. मराठी मसुदा 350 शब्दांच्या आसपास आवरला तर इंग्रजीत एका पानावर राहायची शक्यता असते. मराठीतच 500 झाले तर भाषांतर झाल्यावर पुन्हा कात्री लावावी लागेल, आणि ती घाईत लागते.

ऐंशी हजार शब्दांची कादंबरी एका पानावर आणायची कशी? सुरुवात कुठून करू?

कादंबरी बाजूला ठेवा. ती समोर उघडून वाक्यं उचलायला लागलात तर सहा पानं होतील आणि त्यातलं एकही सोडवणार नाही.

एका वहीत प्रत्येक प्रकरणासाठी एकच ओळ लिहा: या प्रकरणाच्या शेवटी असं काय बदललं, जे सुरुवातीला तसं नव्हतं? बत्तीस प्रकरणं असतील तर बत्तीस ओळी. काही ओळी लिहिताच येणार नाहीत, कारण त्या प्रकरणात वातावरण आहे, आठवणी आहेत, पण काही बदललेलं नाही. ती प्रकरणं कादंबरीत असू देत, सिनॉप्सिसमधून ती आपोआप गळाली.

उरलेल्या ओळींवर दुसरी चाळणी लावा. एक ओळ खोडा आणि बघा, शेवट तसाच घडतो का? घडत असेल तर ती ओळ गेली. या चाळणीनंतर दहा ते चौदा ओळी हातात राहायला हव्यात.

आता दोन लगतच्या ओळींमध्ये कोणता शब्द बसतो ते पाहा. ‘म्हणून’, ‘त्यामुळे’ किंवा ‘पण’ बसला तर गोष्ट पुढे चालली आहे. ‘आणि मग’, ‘इकडे’, ‘त्यानंतर’ हेच बसत असेल तर त्या नुसत्या एकामागून एक ठेवलेल्या घटना आहेत. एखादा ‘इकडे’ चालतो. चार झाले की एजंटला गोष्टीऐवजी दिनक्रम वाचल्यासारखं वाटतं.

पूर्ण झालेला नमुना दाखवाल का?

खालची कादंबरी फक्त उदाहरणासाठी रचलेली आहे. ती 84,000 शब्दांची आणि बत्तीस प्रकरणांची आहे असं धरा.

> भाडेपावती
> सामाजिक कादंबरी, 84,000 शब्द, पूर्ण
>
> मुंबई, 2009. सुलभा तांबे (50) लालबागच्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत खानावळ चालवते. 1982 च्या गिरणी संपानंतर तिचा नवरा वसंत कामाच्या शोधात बाहेर पडला, तो परतला नाही. चाळ त्याला मेलेला धरते. सुलभाने मात्र मंगळसूत्र काढलेलं नाही. डबे विकून तिने मुलगा निखिल याला वाढवलं.
>
> चाळीच्या पुनर्विकासाचा प्रस्ताव येतो. नव्या फ्लॅटवर हक्क सांगायचा तर प्रत्येक भाडेकरूला आपल्या नावाची भाडेपावती दाखवावी लागणार आहे. सुलभाकडे पावती नाही. ती दरमहा भाडं तळमजल्यावरच्या नारायण सावंत (71) यांच्याकडे देते आणि ते मालकाकडे भरतात. पावती मागितल्यावर नारायण टाळाटाळ करतात, म्हणून ती थेट मालकाच्या कचेरीत जाते. तिथे तिला कळतं, की खोली 1983 पासून नारायण यांच्या नावावर आहे.
>
> आपल्याला फसवलं गेलं असं समजून सुलभा नारायण यांच्याशी बोलणं तोडते आणि वकील गाठते. वकील मालकाकडून जुना स्टँपपेपर मिळवतो. खोलीचा हक्क वसंतनेच विकलेला असतो आणि कागदावर त्याचा इचलकरंजीचा पत्ता असतो. सुलभा तिथे जाते. वसंत जिवंत आहे, यंत्रमागावर काम करतो आणि त्याचा दुसरा संसार आहे. त्याच्याशी न बोलता ती परतते आणि नारायण यांना जाब विचारते. वसंत खोली परक्याला विकणार होता; सुलभा रस्त्यावर येऊ नये म्हणून नारायण यांनी स्वतःची पुंजी मोडून ती घेतली, आणि तिची आशा मोडू नये म्हणून ते गप्प राहिले.
>
> निखिल कर्जात बुडालेला आहे आणि नव्या फ्लॅटच्या भरवशावर आहे. खोली आईची नाही हे कळताच तो तिच्या नावाची खोटी पावती बनवून बिल्डरच्या माणसाकडे देतो. भाडेकरूंच्या सभेत खोलीपुढे सुलभाचं नाव पुकारलं जातं. नारायण हरकत घेत नाहीत. सुलभा गप्प राहिली तर फ्लॅट तिचा होतो आणि मुलगा सुटतो. पण दुसऱ्यांच्या गप्प राहण्यावर सव्वीस वर्षं काढल्याचं तिला आता ठाऊक आहे. ती उभी राहून पावती खोटी असल्याचं सांगते.
>
> निखिल घर सोडून विरारला निघून जातो. नारायण खोली तिच्या नावावर करून द्यायला तयार होतात. सुलभा नकार देते. मंगळसूत्र विकून ती चिवडा गल्लीजवळ एक गाळा भाड्याने घेते आणि खानावळ तिथे हलवते. निखिल परतलेला नाही. महिन्याअखेर गाळ्याची पावती येते. तिच्या स्वतःच्या नावाची ती पहिली पावती असते.

यात नेमकं काय गाळलं आहे?

पुष्कळ. चाळीचा गणेशोत्सव, सुलभाच्या हाताखाली काम करणारी मुलगी आणि तिचं लग्न, निखिलची मैत्रीण, चाळीतल्या दोन गटांतलं भांडण, वकिलाची स्वतःची गोष्ट. कादंबरीत याच पानांवर वाचक रमतो. तरी ही सगळी खोडली तरी सुलभा सभेत उभी राहतेच, म्हणून ती गेली.

उलट मंगळसूत्र ठेवलं आहे. पहिल्या परिच्छेदात त्यासाठी पाच शब्द खर्च झाले आहेत आणि ते शेवटी कामाला येतात. मधल्या एका मसुद्यात ते पाच शब्द जागेसाठी कापले, तर शेवटी ‘मंगळसूत्र विकून’ हे नुसतं पैशाची सोय सांगणारं वाक्य होऊन बसतं. शेवटच्या परिच्छेदात जी वस्तू किंवा माणूस महत्त्वाचा आहे, त्याची ओळख पहिल्या दोन परिच्छेदांत झालीच पाहिजे. हे तपासायला सिनॉप्सिस खालून वर वाचा. पुढून वाचताना जे निसटतं ते असं वाचल्यावर पटकन सापडतं.

नावं किती द्यायची?

चार, फार तर पाच. वाचणारा माणूस एका दुपारी असे वीस सिनॉप्सिस वाचत असतो, सहावं नाव त्याच्या डोक्यात राहत नाही. नमुन्यात नावाने फक्त चौघे आहेत. बाकीचे ‘वकील’, ‘मालक’, ‘बिल्डरचा माणूस’. नात्याने किंवा कामाने ओळखता येईल त्याला नाव द्यायचं नाही.

इंग्रजी सिनॉप्सिसमध्ये नाव पहिल्यांदा येताना मोठ्या अक्षरांत लिहायची पद्धत आहे, पुढे साधं. देवनागरीत मोठी अक्षरं नाहीत, म्हणून मराठी मसुद्यात ते ठळक करता येतं. वय नावाशेजारी कंसात दिलं की एक वाक्य वाचतं. ते दोघातिघांचंच पुरे. आणि एकदा ‘सुलभा’ म्हटलं की पुढेही सुलभाच. मध्येच ‘तांबेबाई’, ‘निखिलची आई’ असं केलं तर वाचणाऱ्याला वेगळं पात्र वाटतं. मराठी मसुद्यात आदरार्थी बहुवचनाचंही तसंच. नारायण पहिल्यापासून ‘ते’ असतील तर सुलभाला त्यांचा राग आला म्हणून ‘तो’ करायचं नाही. तो राग कादंबरीतल्या संवादात दाखवा.

माझी कादंबरी प्रथमपुरुषात आणि भूतकाळात आहे. सिनॉप्सिसही तसाच लिहू?

नाही. कादंबरी कशीही असो, सिनॉप्सिस तृतीयपुरुषात आणि वर्तमानकाळात: ‘सुलभा जाते’, ‘तिला कळतं’. कादंबरी सुरू होण्यापूर्वी घडून गेलेलं तेवढं भूतकाळात. नमुन्यात वसंतचं जाणं, निखिलचं वाढणं आणि नारायण यांचं खोली घेणं भूतकाळात आहे, बाकी सगळं वर्तमानात. त्यामुळे कोणती घटना आधीची हे तारखा न देता कळतं. कथन ‘मी’च्या तोंडून आहे हे सांगायचंच असेल तर पत्रात एका वाक्यात सांगा.

कादंबरी दोन काळांत फिरते. एक प्रकरण 1983 चं, एक 2009 चं. सिनॉप्सिसमध्येही आलटून पालटून द्यायचं का?

एका पानात तसं केलं की गोंधळ होतो. दर दोन वाक्यांनी ‘दरम्यान 1983 मध्ये’ लिहावं लागतं आणि तेवढ्यातच पन्नास शब्द जातात. आजच्या काळाचा धागा सरळ चालवा. जुन्या काळातली गोष्ट पात्राला ज्या क्षणी कळते त्या क्षणी सांगा. वर वसंतची विक्री तशी आली आहे: वाचकाला ती सुलभाबरोबरच कळते. रचना दुहेरी आहे हे सांगायचं तर वरच्या शब्दसंख्येच्या ओळीत ‘दोन काळांत मांडलेली’ एवढं पुरेसं आहे.

रहस्यकथेलाही हेच लागू. खुनी कोण हे पहिल्याच ओळीत सांगायची गरज नाही. ते जिथे उघड होतं तिथे सांगा, पण स्पष्ट नाव घेऊन सांगा.

बहुतेक सिनॉप्सिस कुठे फसतात?

वरच्याच कादंबरीचा दुसरा परिच्छेद पहिल्या मसुद्यात अनेकदा असा येतो:

> मग एके दिवशी अचानक सुलभाच्या शांत आयुष्यात वादळ येतं. चाळीच्या पुनर्विकासामुळे भूतकाळातली काही गुपितं बाहेर येऊ लागतात आणि तिचा सगळ्यांवरचा विश्वास डळमळतो. नात्यांचे पदर उलगडत जातात. माणूस खरंच कुणाचा असतो का, या चिरंतन प्रश्नाशी ती झुंजते.

चार वाक्यं, जवळजवळ चाळीस शब्द. यातून काय कळलं? पुनर्विकास येतो, एवढंच. ‘वादळ’ म्हणजे काय ते सांगितलं नाही. ‘काही गुपितं’ म्हणजे लेखकाने स्वतःच पडदा ओढून घेतला. ‘नात्यांचे पदर’ कोणत्याही कादंबरीत उलगडतात. शेवटचं वाक्य तर समीक्षकाचं आहे, तो कादंबरीबद्दलचा अभिप्राय झाला. नमुन्यात त्याच जागी पावती, कचेरी आणि कुणाचं नाव हे आलं. शब्द वीसेक वाढले आणि गोष्ट चार पावलं पुढे गेली.

तपासायची सोपी रीत आहे. प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून विचारा: हे वाक्य दुसऱ्या कुणाच्या कादंबरीच्या सिनॉप्सिसमध्ये जसंच्या तसं चालेल का? चालत असेल तर खोडा.

दुसरी ठरलेली चूक शब्दांच्या वाटणीची. पहिल्या पाच प्रकरणांवर अर्धं पान जातं, कारण लेखकाला जग उभं करायचं असतं, आणि शेवटची दहा प्रकरणं दोन ओळींत आटपतात. नमुन्यात शेवटच्या दोन परिच्छेदांना एक तृतीयांशाहून जास्त जागा आहे. सभा आणि त्यानंतरचं यांना त्याहून कमी जागा देऊ नका.

भावना लिहायच्या की फक्त घटना?

नुसत्या घटना लिहिल्या तर पोलिसांच्या पंचनाम्यासारखं होतं. भावनेला जागा फक्त तिथे द्या, जिथे तिच्यामुळे पुढची कृती होते. ‘आपल्याला फसवलं गेलं असं समजून सुलभा बोलणं तोडते’ यात समज आहे आणि त्यातून निघालेली कृती आहे. ‘सुलभाला खूप दुःख होतं’ हे वाक्य कुठेच नेत नाही. सभेच्या प्रसंगी एक वाक्य मुद्दाम खर्च केलं आहे: गप्प राहिली तर काय मिळेल. ते काढलं तर तिच्या बोलण्याची किंमत कळत नाही आणि कळसाचा प्रसंग सपाट होतो.

सिनॉप्सिस लिहिताना कादंबरीच लंगडी वाटू लागली. आता काय?

पाठवू नका, हस्तलिखित उघडा. तीनशे पानांत जे खपून जातं ते एका पानात उघडं पडतं. याच उदाहरणात स्टँपपेपर सुलभाला ‘योगायोगाने ट्रंकेत सापडतो’ असं असतं तर कादंबरीत ते वर्णनात बेमालूम मिसळलं असतं. सिनॉप्सिसमध्ये ‘योगायोगाने’ हा शब्द लिहायची वेळ आली की कळतं, मध्यावरचा सगळ्यात मोठा वळणबिंदू मुख्य पात्राने काहीही न करता आला आहे. सुलभा चिडते, वकील गाठते, वकील कागद मिळवतो, असं केलं की तो तिच्याच कृतीचा परिणाम होतो. ‘योगायोगाने’, ‘अचानक’, ‘नेमकं त्याच वेळी’ या शब्दांखाली रेघ मारा. पहिल्या प्रकरणात आलेला योगायोग चालतो, कारण त्याने अडचण निर्माण होते. शेवटच्या प्रकरणात अडचण सोडवणारा चालत नाही. सिनॉप्सिसमध्ये दुरुस्ती करून हस्तलिखित तसंच ठेवणं हा सगळ्यात वाईट मार्ग: एजंट पूर्ण हस्तलिखित मागवतो आणि त्यात वेगळंच निघतं.

चाळ, पागडी, गिरणी संप हे मुंबईबाहेरच्या एजंटला कसं समजवायचं?

तळटीप देऊन नाही, वेगळा परिच्छेद लिहूनही नाही. जो शब्द गोष्टीसाठी लागतो तोच ठेवा आणि त्याच वाक्यात त्याचं काम दाखवा. पागडी पद्धत काय, तिचा कायदा काय, हे एजंटला नको आहे. ‘पावती ज्याच्या नावाची, फ्लॅट त्याचा’ हा एकच नियम त्याला कळला की पूर्ण गोष्ट कळते. म्हणून नमुन्यात पागडी हा शब्दच नाही.

संपाचं वेगळं. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला संप म्हटलं की मराठी वाचकाला पुढचं सांगावं लागत नाही. दिल्लीतल्या तिशीच्या संपादकाला किंवा लंडनमधल्या एजंटला ‘1982 चा गिरणी संप’ एवढ्याने काहीच कळणार नाही. इंग्रजी मसुद्यात ‘सुमारे अडीच लाख कामगार ज्यात घरी बसले तो संप’ अशा अर्थाची जोड द्या. आठ-दहा शब्द वाढतील, पण वसंत का गेला हे उलगडेल. सामंतांचं नाव तिथे नको, नाहीतर एजंट त्यांना पात्र समजून पुढे शोधत बसेल. इचलकरंजीलाही ‘यंत्रमागांचं गाव’ एवढी ओळख पुरे.

सिनॉप्सिस मराठीत पाठवू की इंग्रजीत?

एजंट ज्या भाषेत हस्तलिखित वाचणार त्या भाषेत, म्हणजे व्यवहारात इंग्रजीतच. मराठी कादंबरीचं भाषांतर पाठवत असाल तर मूळ मराठी आहे, छापलेली आहे की अप्रकाशित, आणि भाषांतराचे हक्क कुणाकडे आहेत हे पत्रात लिहा. मराठी प्रकाशकाशी केलेल्या करारात भाषांतराचे हक्क त्याच्याकडे गेले असतील तर एजंटकडे जाण्याआधी करार काढून वाचा.

मराठी प्रकाशकाकडे जाताना सहसा एजंट मध्ये नसतो, हस्तलिखित थेट जातं. त्यासोबत हाच सारांश मराठीत जोडता येतो, आणि तिथे संप समजावून सांगायचे शब्द वाचतात.

एका एजंटने 300 शब्दांत मागितला आहे. 500 चा कापून काढू?

वाक्यावाक्यातून विशेषणं खुडत बसलात तर तीस-चाळीस शब्द सुटतील, दोनशे नाही. एक पूर्ण धागाच काढावा लागतो. इथे वकील आणि स्टँपपेपर एका वाक्यात येतील: ‘जुन्या कागदांवरून तिला कळतं, की खोली वसंतनेच विकली आणि तो इचलकरंजीत जिवंत आहे.’ मालकाच्या कचेरीचं वाक्य आणि निखिलचं विरारला जाणंही आटपता येईल. सभा आणि पावती मात्र तशीच. दोन्ही आवृत्त्या आधीच करून ठेवा, सूचना वाचून ऐनवेळी कापायला बसू नका.

पाठवण्याआधी कुणाकडून तपासून घ्यावा?

ज्याने कादंबरी वाचलेली नाही अशा माणसाकडून. ज्याने वाचली आहे तो गाळलेलं मनातल्या मनात भरून घेतो आणि ‘छान झालंय’ म्हणतो. पान वाचायला द्या, परत घ्या, आणि गोष्ट तोंडी सांगायला लावा. तो जिथे अडखळतो तिथे एक दुवा तुटलेला आहे. ‘नारायणने पावती का लपवली?’ असं त्याने विचारलं तर समजा, ते वाक्य एकतर नाही किंवा उशिरा आलं आहे. त्याला तिथल्या तिथे समजावून सांगू नका. प्रश्न लिहून घ्या, एजंटलाही तोच पडणार आहे.

फाइल कशी द्यावी?

मागितली असेल त्या प्रकारात. काहीच सांगितलं नसेल तर वर्डची फाइल. नावात कादंबरीचं शीर्षक आणि तुमचं आडनाव असू द्या, उदाहरणार्थ `Bhadepavti_Synopsis_Adnav.docx`, जिथे `Adnav` च्या जागी तुमचं आडनाव येईल. नुसतं `synopsis final 2.docx` दिलं तर त्यांच्या संगणकावर ते इतर दहा जणांच्या फायलींत हरवतं. पानाच्या वरच्या कोपऱ्यात तुमचं नाव, शीर्षक आणि ईमेल एका ओळीत. ‘जोडपत्र चालणार नाही, मजकूर ईमेलमध्येच द्या’ अशी सूचना असेल तर ठळक अक्षरं आणि समास हरवतात हे धरून आधी स्वतःलाच एक ईमेल पाठवून बघा. परिच्छेदांमधली मोकळी ओळ राहिली नाही तर सगळं पान एक ठोकळा होऊन पोहोचतं.